दीडशे खुर्च्या

व्यंकटराव देशमुखांनी चंद्रभानच्या कानाखाली वाजवली ती सगळ्या मंडळींच्या देखत. तालीम थांबली. तबलजीचा हात तबल्यावरच राहिला. चंद्रभान हा नाटक मंडळीचा व्यवस्थापक, पन्नाशीचा माणूस. तो दोन पावलं मागं गेला आणि रुईच्या जुन्या गासडीवर बसला. ओठातून रक्त आलं ते त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसलं.

त्याचा गुन्हा एवढाच की तो म्हणाला होता, "सरकार, दीडशे फुकट पास हिशेबात बसत न्हाईत."

मानवतच्या बाजाराबाहेर व्यंकटरावांची जिनिंग होती. कापसाचा हंगाम संपला की तिची मोठी पत्र्याची शेड चैत्रापासून रिकामी पडायची. ती शेड मंडळीनं तीन खेळांसाठी भाड्यानं घेतली होती, एका खेळाला साठ हाली रुपये, म्हणजे निजामी चलनातले. तिन्ही खेळांचे एकशेऐंशी रुपये देशमुखांनी आधीच मोजून घेतले होते. गुरुवार, शनिवार आणि सोमवार असे खेळ ठरले होते. पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांची परवानगीही याच शेडच्या नावानं निघाली होती. खेळ दुपार कलल्यावर सुरू करायचा आणि दिवे लागल्यावर तासाभरात माणसं पांगवायची, अशी अट होती.

कस्तुराबाई रंगमंचावरून खाली उतरली. मंडळी तिची होती. राणीसावरगावच्या शेतकऱ्याची ही लेक, अकाली नवरा गेल्यावर वऱ्हाडातल्या फिरत्या कंपनीत गेली, बारा गावचं पाणी पिऊन परत आली आणि हातातल्या सोन्याच्या पाटल्या मोडून तिनं स्वतःची मंडळी उभी केली. धाकटा भाऊ रामकिशन गळ्यानं गोड होता. नळ-दमयंतीचं नवं नाटक तिनं लिहून घेतलं. त्यात नळ रामकिशन आणि दमयंती ती स्वतः.

"देशमुख, माणूस मारायचं कारण न्हाई," ती म्हणाली. "हिशेब मी सांगते. तुमी ऐका, मग काय ते बोला."

व्यंकटराव खुर्चीत बसले. त्यांच्यामागं बन्सीधर पैलवान उभा होता, हातात लोखंडी कड्या ठोकलेली काठी. "सांग," व्यंकटराव म्हणाले.

"परभणीत आमी महिनाभर तालीम केली. चौदा माणसांचं जेवण, खोलीचं भाडं, वाजवणाऱ्यांची बिदागी, नटांची उचल, पडदे, कपडे. तीनशे रुपये तालमीतच गेले. एक खेळ करा न्हाईतर दहा करा, ते तीनशे बदलत न्हाईत. आता खेळाचा खर्च. तुमचं भाडं साठ, खुर्च्यांचं भाडं दहा, दिवे, छपाई अन् दवंडीचे पंधरा, परवान्याचे पाच, माणसांचा भत्ता अन् पोट तीस. एकशेवीस झाले. तीन खेळांचे तीनशेसाठ. तालमीचे तीनशे धरले तर सहाशेसाठ. म्हंजे एका खेळानं दोनशेवीस आणले तर आमचा खर्च सुटतो."

"मग सुटंल की. शेड मोठी हाय."

"सहाशे माणूस बसतं. दीडशे खुर्च्या रुपयाला, दीडशे जागा बाकावरच्या आठ आण्याला, तीनशे जमिनीवरच्या चार आण्याला. खचाखच भरलं तर तीनशे रुपये. डोक्यामागं आठ आणे पडले. दोनशेवीस रुपये यायला चारशेचाळीस माणूस पाहिजे, अन् तेबी तिन्ही दर्जात सारखं बसलेलं. तुमी खुर्च्याच मागता. खुर्च्या गेल्यावर बाकी सगळी शेड भरली तरी दीडशेच येतात. रोजचा खर्च जाऊन तीस राहतात. तालमीचे तीनशे मी कुठून काढू?"

"भाडं माफ केलं असतं तुला, पण आता घेतलंय."

"भाडं माफ केलं तरी एकशेसाठ लागतात. दहा कमीच पडतात." कस्तुराबाईनं हात जोडले. "पंधरा खुर्च्या देते. पुढच्या. तुमी अन् घरची माणसं या. मानानं बसवते."

व्यंकटराव उठले. "माझ्या व्याह्याकडचे पाव्हणे यायलेत. पंधरात कसे बसतील? माझी शेड, माझं गाव अन् माझ्या पाव्हण्यांनी तिकीट काढायचं?" ते दाराशी थांबले. "गुरुवारी खुर्च्या मोकळ्या ठेवा."

ते गेल्यावर रामकिशन म्हणाला, "अक्का, निघू इथून. आत्ताच."

"निघून काय? तालमीचे तीनशे गेले, भाड्याचे एकशेऐंशी गेले. दुसरं गाव, दुसरा परवाना, तोवर चौदा माणसांना खायला काय घालू?" तिनं चंद्रभानसाठी पाणी मागवलं. "तीन खेळ झाले तर जगू. एकच झाला तर सगळं भाडं धरून पाचशेचाळीस खर्च त्या एकावर येतो. त्याला एक हजार ऐंशी माणूस लागंल. सहाशेच्या शेडमधी हजारावर कुठून आणायचं?"

*

गुरुवारी उन्हं उतरली तशी माणसं आली. सरकी वेचणाऱ्या बाया, गासड्या दाबणारे हमाल, बाजारातले दुकानदार, आसपासच्या खेड्यांतले शेतकरी. तिकिटाच्या खिडकीवर चंद्रभान बसला होता आणि दाराशी रामकिशन. नळाचा वेश त्यानं अजून चढवला नव्हता.

बन्सीधर दहा-बारा माणसं घेऊन पुढं आला. मागं फेटे बांधलेले पाहुणे होते, पोरंबाळं होती, देशमुखांचे गडी होते, गड्यांचे सोयरेही होते.

"तिकीट," रामकिशन म्हणाला.

बन्सीधर हसला. रामकिशननं दारातला दोर दोन्ही हातांनी धरला. बन्सीधरनं काठी उचलली आणि एकदाच खाली आणली, दोरावर नाही, हातावर. बोटं मोडल्याचा आवाज खिडकीपर्यंत आला. रामकिशन गुडघ्यावर बसला. दुसऱ्यानं त्याच्या छातीत लाथ घातली, तो दाराच्या चौकटीवर आपटला आणि ते सगळे त्याला ओलांडून आत गेले. एका पाहुण्याच्या लहान मुलीनं वाकून त्याच्याकडं पाहिलं, तेव्हा तिच्या आईनं तिला ओढून नेलं.

चंद्रभान खिडकी सोडून धावला. त्याला दोघांनी धरलं आणि तिसऱ्यानं पोटात मारलं. तिकिटांचा गठ्ठा मातीत पडला.

ज्यांनी रुपया मोजून खुर्चीचं तिकीट काढलं होतं अशा तिघाचौघांना मानगुटीला धरून उठवलं गेलं. एक कापडवाला म्हणाला, "मी पैसे दिलेत," तर त्याच्या तोंडावर थुंकले. चंद्रभाननं त्या सगळ्यांचे रुपये परत केले. ते घरी गेले.

खेळ झाला. रामकिशननं उजवा हात शेल्यात गुंडाळला आणि सबंध नाटक डाव्या हातानं केलं. दुसऱ्या अंकात दमयंतीचा हात धरायची जागा होती. कस्तुराबाईनं त्याचा डावा हात धरला, तेव्हा तो घामानं निथळत होता आणि थंड होता. खुर्च्यांवर व्यंकटराव आणि पाहुणे पान खात होते, मधेच मोठ्यानं हसत होते. मागं जमिनीवर कुणी आवाज केला की बन्सीधर काठी आपटायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैदूनं रामकिशनची तीन बोटं ओढून बसवली. चार माणसांनी त्याला दाबून धरलं होतं. त्यानं दातात दोरखंड धरला आणि तो चावून तोडला.

*

"एकशेवीस," चंद्रभान म्हणाला. त्याला नीट बसता येत नव्हतं. "बाकावर एकशेदहा माणसं, पंचावन्न रुपये. जमिनीवर दोनशेसाठ, पासष्ट रुपये. रोजचा खर्च निघाला. तालमीचा एक पैसा सुटला न्हाई."

कस्तुराबाई शेडमध्ये उभी होती. उन्हानं पत्रा तडतडत होता. ती खुर्च्यांच्या रांगांमधून चालत गेली, परत आली, मग जमिनीवर बसली आणि पाय दुमडून पाहिले. उठली, खुर्चीत बसली. पुन्हा जमिनीवर.

"चंद्रभान, एका खुर्चीच्या जागंत जमिनीवर किती माणसं बसतील?"

"दोन. दाटीनं बसली तर अडीच धरा."

"मागंपुढं जायची वाट धरून मोजा."

दोघांनी दोरी घेऊन मोजलं. खुर्च्यांच्या जागेत साडेतीनशे माणूस बसत होतं. कस्तुराबाई भिंतीला टेकली. "खुर्च्या काढून टाका," ती म्हणाली. "सगळ्या."

चंद्रभाननं दोरी खाली ठेवली.

"दिनकररावांनी भाड्यानं दिलेल्या खुर्च्या त्यांना परत. भाडं दहा रुपये वाचलं. बाकं पुढं आणा. आता तीच वरची जागा, त्याला बारा आणे. बाकी सगळी जमीन चार आणे. आधीची तीनशे अन् ही साडेतीनशे, साडेसहाशे झाली. त्याचे एकशेसाडेबासष्ट रुपये. बाकांचे एकशेसाडेबारा. पावणेतीनशे झाले. आता पुढं किती खर्च निघायचा राहिला?"

"तालमीचे तीनशे. अन् दोन खेळांचे एकशेदहा एकशेदहा. पाचशेवीस."

"एका खेळाला दोनशेसाठ. जागा आठशे, रुपये पावणेतीनशे, डोक्यामागं साडेपाच आणे. कर भागाकार."

चंद्रभान बोटांवर मोजत राहिला. "सातशेसत्तावन्न माणूस पाहिजे, बाई. त्रेचाळीसच कमी पडलेली चालतील. एवढं माणूस मानवतात नाटकाला कधी आलं न्हाई."

"चार आण्यात पुढं बसायला मिळतंय म्हणून दवंडी द्या. जिनिंगच्या वाड्यावस्त्यांत, हमालांत. आजवर त्यांना कुणी पुढं बसवलं न्हाई."

रामकिशन हात छातीशी धरून पडला होता. तो म्हणाला, "अक्का, देशमुखाचे पाव्हणे कुठं बसतील?"

"तिकीट काढून जमिनीवर."

"ते बसणार न्हाईत. ते ह्याला अपमान म्हणतील. ह्या बारीला हातावर भागणार न्हाई."

कस्तुराबाईला भीती वाटत होती आणि ती तिनं लपवली नाही. "मग तू सांग," ती म्हणाली. "खुर्च्या ठेवल्या तर पुढचे दोन खेळ करून आपण भीक मागू. तू सांग, मी तसं करते."

रामकिशननं डोळे मिटले. "काढ खुर्च्या," तो म्हणाला.

*

शनिवारी चार वाजल्यापासूनच शेडबाहेर रांग लागली. दवंडी लांबवर गेली होती. डोक्यावर पदर घेतलेल्या बायांचे घोळके, कडेवर पोरं, फडक्यात भाकरी बांधलेली. सरकी वेचणाऱ्यांची मुकादम कडूबाई आठ-नऊ जणी घेऊन आली. तिनं चार आणे खिडकीत ठेवले आणि विचारलं, "पुढं बसायला मिळंल ना? खोटं न्हाई ना?"

"बाकांच्या लगेच मागं, मावशी. जा, जागा धर," चंद्रभान म्हणाला.

बाकांची एकशेअठ्ठेचाळीस तिकिटं गेली, जमिनीची सहाशेचाळीस. सातशेअठ्ठ्याऐंशी माणूस. चंद्रभान विंगेत आला तेव्हा रडायच्या बेतात होता. "बाई, दोनशेएकाहत्तर. अकरा रुपये वर."

पहिला अंक रंगला. एवढी गर्दी होती की माणसांच्या श्वासानं शेड भट्टीसारखी झाली होती, पण कुणी हललं नाही. नळ द्यूतात राज्य हरला तेव्हा पुढच्या बाया उघड उघड रडत होत्या.

दुसऱ्या अंकाचा पडदा वर गेला आणि व्यंकटराव आत आले.

मागं पाहुणे होते, बन्सीधर होता आणि पंधराएक काठीवाले. व्यंकटरावांनी पुढं पाहिलं. खुर्च्या नव्हत्या. जिथं परवा ते बसले होते तिथं त्यांच्याच जिनिंगमधल्या बाया मांडी घालून बसल्या होत्या. व्याही त्यांच्या शेजारी उभा होता आणि कुजबुजून काहीतरी विचारत होता. व्यंकटरावांचा चेहरा काळवंडला.

"उठवा ह्यांना," ते म्हणाले.

काठीवाले रांगांत घुसले. कुणाच्या हातावर पाय पडला, कुणाच्या पोरावर. लोक उठायला लागले, पण दाटी इतकी की उठून जायला वाट नव्हती. उठलेला मागच्याच्या अंगावर पडायचा. बन्सीधर कडूबाईसमोर आला.

"ऊठ."

"तिकीट हाय माझं," कडूबाई म्हणाली आणि मुठीतला कागद दाखवला.

त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि ओढलं. ती ओरडली नाही, तिनं त्याच्या मनगटाला दात लावले. त्यानं दुसऱ्या हातातली काठी तिच्या पाठीत घातली. एकदा आणि पुन्हा. ती पालथी पडली. तिच्या शेजारची म्हातारी तिच्या अंगावर आडवी झाली, तर तिसरा फटका म्हातारीच्या कानावर बसला आणि तिचा कान फाटून रक्त पदरावर उडालं.

रामकिशन रंगमंचावरून उडी मारून खाली आला. अंगात नळाचा जरीचा अंगरखा, उजवा हात शेल्यात. त्यानं डाव्या हातानं बन्सीधरची काठी धरली. दोघं माणसांच्या गर्दीत गरगरले. बन्सीधरनं काठी हिसकली, मागं घेतली आणि पूर्ण ताकदीनं रामकिशनच्या डोक्यात घातली. लोखंडी कडं कानशिलात रुतलं. रामकिशन उभाच होता, अगदी थोडा वेळ. मग पाय नसल्यासारखा जागच्या जागी खाली बसला.

कस्तुराबाईनं ते वरून पाहिलं. विंगेत पडद्याला वजन म्हणून लावायची जादा लोखंडी सळई उभी होती. ती हातात कधी आली ते तिला पुढं कधीच आठवलं नाही. ती खाली उतरली. माणसं तिला वाट देत गेली. बन्सीधर दुसऱ्यांदा काठी उचलत होता तेव्हा तिनं सळई त्याच्या गुडघ्यावर आडवी मारली. गुडघा उलट्या बाजूनं वाकला. तो किंचाळला, खाली पडला आणि तिनं पुन्हा मारलं, त्याच गुडघ्यावर, पुन्हा. तिसऱ्यांदा सळई तिच्या मनगटातच उलटली आणि तिच्या हाडात कळ गेली, तरी ती मारत होती.

मग सगळी शेड उठली.

गासड्या ओढायचे आकडे हमालांच्या कमरेला होतेच. एक आकडा एका काठीवाल्याच्या खांद्यात शिरला आणि त्याला धरून तिघांनी ओढत दारापर्यंत नेलं. बायांनी दोघांना खाली पाडलं आणि वर बसून मुठीत माती घेऊन त्यांच्या तोंडात कोंबली. बाकं उचलून फेकली गेली. एका पाहुण्याचे दात पडले, तो ते हातात घेऊन भिंतीशी बसून राहिला. व्यंकटराव ओरडत होते, "मी कोण हाय ठाऊक हाय का," आणि एका बाकाचा पाय त्यांच्या कपाळावर बसला. रक्तानं त्यांचे डोळे भरले. व्याह्यानं त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. गर्दीत कुणाची काठी कुणाला लागत होती हे कळत नव्हतं. पत्र्याच्या भिंतींवर दणादण आवाज येत होता, पोरं किंचाळत होती, आणि चंद्रभान दाराशी उभं राहून पोरांना एकेक करून बाहेर उचलून देत होता.

अमीनसाहेबांचे शिपाई आले तेव्हा ऊन अजून होतं. आत कस्तुराबाई जमिनीवर बसली होती, मांडीवर रामकिशनचं डोकं. त्याचे डोळे उघडे होते आणि तो काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होता. तिनं कान लावला. तो नाटकातलं पुढचं वाक्य म्हणत होता. ते त्याला पूर्ण जमलं नाही.

परभणीच्या दवाखान्याकडं बैलगाडी निघाली. अर्ध्या वाटेवर रामकिशन गेला. चंद्रभान गाडीत होता. कस्तुराबाईला शिपायांनी ठाण्यात नेलं होतं. तिला ते दुसऱ्या दिवशी सांगितलं.

*

शेडला कुलूप लागलं. सोमवारचा खेळ बंद. खुर्च्यांचे दिनकरराव जामीन राहिले म्हणून कस्तुराबाई सुटली. तिचं उजवं मनगट सुजून दुप्पट झालं होतं. तिनं भावाला अग्नी दिला आणि तिसऱ्या दिवशी मंडळी उतरली होती त्या धर्मशाळेत येऊन बसली.

तिथं व्यंकटराव आले. एकटे. कपाळाला पट्टी. ते उंबऱ्याशीच उभे राहिले, मग वाकून पुढं एक पिशवी ठेवली.

"पाचशे हायेत. जे झालं ते वाईट झालं. मी 'उठवा' म्हणालो, 'मारा' म्हणालो न्हाई. तुमी कचेरीत एवढंच सांगा. बन्सीधरचं काय व्हायचं ते होऊ द्या."

मंडळीतल्या प्रत्येकाला हिशेब माहीत होता. पहिल्या खेळाचे एकशेवीस, दुसऱ्याचे दोनशेएकाहत्तर. खर्च तालमीचा तीनशे, खेळांचे एकशेवीस अन् एकशेदहा, वर न झालेल्या सोमवारच्या शेडचे साठ. एक कमी दोनशेचं नुकसान होतं. पिशवीत ते सगळं होतं आणि वर तीनशे. सारंगीवाला पंडित खाली मान घालून म्हणाला, "बाई, घरी पोरं हायेत. ह्यावर एकदा विचार करा."

कस्तुराबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तिला त्याचा राग आला नाही. "त्यात साठ रुपये माझे हायेत," ती व्यंकटरावांना म्हणाली. "सोमवारचं भाडं. शेड मला मिळाली न्हाई. तेवढे मोजून द्या."

व्यंकटरावांनी साठ मोजले. मधेच चुकले, म्हणून पुन्हा मोजले.

"बाकीचे उचला."

"बाई, अजून ऐका..."

"उचला," ती म्हणाली. "मी वरून बघत होते. तुमी बोललेलं मला ऐकू आलं, अन् त्यानं काठी मागं घेतली तवा तुमी त्याच्याकडंच बघत होता. तुमी 'थांब' म्हणाला न्हाई. कचेरीत मी हेच सांगणार."

व्यंकटराव पिशवी घेऊन गेले. साठ रुपयांतून तिनं सगळ्यांचा थकलेला भत्ता दिला. चौघं त्याच दिवशी घरी गेले. पंडितही त्यांत होता. जाताना तो तिच्या पाया पडला, पण थांबला नाही.

*

खटला पावसाळाभर चालला. साक्षीला जिनिंगमधल्या बाया उभ्या राहिल्या. त्यांतल्या सात जणींना पुढच्या हंगामात काम मिळणार नव्हतं, हे त्यांना आधीच सांगण्यात आलं होतं, तरी उभ्या राहिल्या. म्हातारीनं फाटलेला कान दाखवला. वकिलानं कडूबाईला विचारलं, "देशमुखांनी मारा म्हटलेलं तू ऐकलं का?" ती म्हणाली, "उठवा म्हटलेलं ऐकलं. केस धरून उठवतात का, ते तुमीच सांगा."

बन्सीधरला सात वर्षांची शिक्षा झाली. तो कुबड्यांवर आला होता, निकाल ऐकताना तिथंच खाली बसला. त्याची बायको कोपऱ्यात रडत होती. कस्तुराबाईला बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. व्यंकटराव सुटले. कस्तुराबाईला बन्सीधरच्या गुडघ्यासाठी पन्नास रुपये दंड झाला. तो तिनं कानातल्या कुड्या विकून भरला.

पुढच्या हिवाळ्यात मंडळी ताडकळसला गेली. उरली होती नऊ माणसं. बाजाराच्या मैदानात बांबू रोवले, चारी बाजूंना कनात बांधली. शेड नाही, खुर्च्या नाहीत, बाकंही नाहीत. सगळं मिळून खेळाचा खर्च पन्नास रुपये, तिकीट सरसकट चार आणे. दोनशे माणूस आलं की रोजचं निघत होतं, त्यावरचं मागच्या खड्ड्यात जात होतं. तालीम नव्यानं करायची गरज नव्हती, फक्त नळ नवा होता. तो चंद्रभान झाला. पन्नाशीचा नळ. त्याचा आवाज फाटका होता आणि त्याला सगळं पाठ होतं.

पहिल्या दिवशी कस्तुराबाई स्वतः दाराशी बसली. उजव्या हातानं तिला तिकीट फाडता येत नव्हतं, ती डाव्या हातानं फाडायची. रांगेत एक बाई पुढं आली. पायात वहाणा नव्हत्या, टाचा धुळीनं पांढऱ्या झालेल्या. कडूबाई. मागं आणखी तिघी.

"मावशी! मानवताहून? पायी?"

"वाटंत एक गाडी भेटली, थोडं बसलो." कडूबाईनं कनवटीची पुरचुंडी सोडली आणि चार माणसांचा रुपया पुढं धरला.

"तुमच्याकडून घेऊ? मावशी, तुमची कामं गेली माझ्यापायी."

"घे गं. इथल्या मळ्यात वेचणीला आलोय, उचल मिळालीय." तिनं रुपया कस्तुराबाईच्या डाव्या हातात दाबला. "तवा अर्ध्यातच राहिलं. त्या राजाचं पुढं काय झालं, ह्या तिघी रोज विचारायल्यात मला."

कस्तुराबाईनं चार तिकिटं फाडून दिली. आत तीनशे दहा माणूस बसलं होतं. चंद्रभान विंगेत डोक्याला मुकुट बांधत होता आणि गाठ बसत नव्हती. तिनं जाऊन तो बांधून दिला आणि पडद्याशी उभ्या माणसाला दोरी ओढायला सांगितली.